पार्सल कुरिअरकडे गहाळ झाले: दावा मुदतीत कसा लावावा आणि ग्राहकाचे पैसे केव्हा परत करावेत

या तक्रारीचे लक्षण नेहमी सारखेच असते. पार्सल उचलले जाते, पहिल्या रात्री दोन-तीन स्कॅन होतात आणि त्यानंतर ट्रॅकिंगच्या पानावर `In Transit` ही एकच ओळ दिवसेंदिवस तशीच राहते. ग्राहक विचारणा करतो, विक्रेता कुरिअरच्या मदत-क्रमांकावर फोन लावतो, तिकडून "पार्सल मार्गात आहे, 48 तासांत कळवतो" असे उत्तर येते, आणि हेच उत्तर चार-पाच वेळा ऐकेपर्यंत महिना उलटून जातो. मग दावा लावायला जावे तर मुदत संपलेली असते, आणि ग्राहकाने तोवर बँकेमार्फत पैसे मागे घेतलेले असतात. माल आणि पैसे दोन्ही हातचे जातात, आणि त्याचे कारण बहुधा कुरिअरचा निष्काळजीपणा एवढेच नसून विक्रेत्याने चुकीच्या गोष्टीची वाट पाहिली हेही असते.

मी हाताने बांधलेल्या वह्या विकते, आणि वर्षातून एखाद-दुसरे पार्सल हमखास असे बेपत्ता होते. पहिल्या दोन वेळा मी ग्राहकाला "दावा मंजूर झाला की पैसे देते" असे सांगितले आणि कुरिअरला "पार्सल सापडले का" एवढेच विचारत राहिले. ही दोन्ही वाक्ये चुकीची होती. पार्सल पाठवताना दोन वेगळे करार झालेले असतात: एक ग्राहक आणि विक्रेता यांच्यातला, दुसरा विक्रेता आणि कुरिअर यांच्यातला. ग्राहकाचा कुरिअरशी करार नसतो, म्हणून कुरिअर कधी आणि किती भरपाई देतो याच्याशी त्याला काही कर्तव्य नाही. युरोपीय संघाच्या 2011 च्या ग्राहक-हक्क निर्देशात तर हे स्पष्टच लिहिलेले आहे: विक्रेत्याने माल पाठवण्याची व्यवस्था केली असेल, तर तो ग्राहकाच्या ताब्यात पडेपर्यंत नुकसानीची जोखीम विक्रेत्याचीच. दोन करारांच्या मुदतीही वेगळ्या धावतात, आणि पुढचे सगळे त्या दोन मुदती एकमेकींत न गुंतवता कशा सांभाळायच्या याबद्दल आहे.

शेवटचा खरा स्कॅन कोणता

गेल्या मार्चमधील एका पार्सलाचे उदाहरण घेते. चार जाड वह्यांचे एक खोके होते, वजन 1.4 किलो. त्याचे ट्रॅकिंग असे दिसत होते:

```
03-03 18:40  Picked up
03-03 23:15  Received at hub
04-03 04:05  Bagged
04-03 09:30  In transit
05-03 21:10  Arrived at hub
```

वरवर पाहता पार्सल 5 मार्चला दुसऱ्या हबवर पोहोचले असे वाटते, परंतु तसे समजणे धोक्याचे आहे. हबवर लहान पार्सले एका मोठ्या बॅगेत भरून तिला सील लावतात, आणि तिथून पुढे स्कॅन होतो तो बॅगेच्या क्रमांकाचा. बॅगेची नोंद प्रणालीत आतल्या प्रत्येक पार्सलाला आपोआप चिकटते. म्हणजे `Bagged` नंतरच्या दोन ओळी बॅगेच्या प्रवासाच्या आहेत. पार्सल त्या बॅगेत खरोखर होते की नाही, हे त्या सांगत नाहीत. पार्सलावरचे लेबल यंत्रापुढे प्रत्यक्ष धरले गेल्याची शेवटची खात्रीची वेळ 4 मार्चची पहाट आहे. दुसऱ्या हबवर बॅग उघडल्यावर प्रत्येक पार्सलाचा स्वतंत्र स्कॅन व्हायला हवा होता, तो झाला नाही. पार्सल बॅग भरताना बाहेर राहिले, दुसऱ्याच बॅगेत पडले, किंवा त्याचे लेबल फाटले, यांपैकी काहीतरी घडलेले असते.

हा फरक कळला की विचारायचा प्रश्न बदलतो. "पार्सल कुठे आहे" असे विचारल्यास मदत-केंद्रातील माणूस तुमच्याच समोर असलेले पान तुम्हाला वाचून दाखवतो. त्याऐवजी "5 मार्चला बॅग उघडल्यानंतर या पार्सलाचा स्वतंत्र स्कॅन आहे का, आणि बॅगेत पार्सले कमी निघाल्याची नोंद झाली आहे का" असे लेखी विचारले, तर चौकशी हबपर्यंत जाण्याची शक्यता बरीच वाढते.

ट्रॅकिंगवर `Picked up` हीच ओळ नसेल, तर मात्र अडचण वेगळी आहे. लेबल छापले एवढ्यावरून पार्सल कुरिअरच्या ताब्यात गेले हे सिद्ध होत नाही, आणि असा दावा पहिल्याच टेबलावर फेटाळला जातो. उचलायला येणाऱ्या मुलाला घाई असते आणि तो गाडीत बसून नंतर स्कॅन करतो, हे मला मान्य आहे. पण त्या दिवशी दिलेल्या सर्व पार्सलांच्या क्रमांकांची यादी करून तिच्यावर त्याची सही आणि वेळ घ्यायला अर्धा मिनिट लागतो, आणि स्कॅन नसताना तेवढा एकच कागद कामाला येतो.

शोध-विनंती आणि दावा ही दोन वेगळी कामे आहेत

फोनवर नोंदवलेली तक्रार म्हणजे दावा नव्हे. तक्रार क्रमांक मिळाला की विक्रेत्याला आपण मुदतीत आहोत असे वाटते. प्रत्यक्षात कुरिअरच्या अटींमध्ये दाव्याची मुदत वेगळी लिहिलेली असते, ती बहुधा पार्सल दिल्याच्या तारखेपासून मोजली जाते, आणि शोध चालू आहे म्हणून ती थांबत नाही. माझ्या कुरिअरच्या अटींत ती 30 दिवसांची होती, म्हणजे 3 मार्चच्या पार्सलासाठी 2 एप्रिलला संपणारी. पार्सल एखाद्या मध्यस्थ बुकिंग-संकेतस्थळावरून पाठवले असेल, तर दावा त्या मध्यस्थाकडेच लावावा लागतो आणि त्याची मुदत मूळ कुरिअरपेक्षा कमी असते, कारण त्याला स्वतःला पुढे दावा लावायला वेळ हवा असतो. म्हणून ग्राहकाला उत्तर देण्याआधीसुद्धा अटींतील ही एक तारीख शोधून कागदावर लिहून ठेवावी.

पोहोचण्याची अपेक्षित तारीख 8 मार्च होती. मी 11 मार्चला शोध-विनंती दिली. या विनंतीत पार्सल क्रमांकाइतकेच खोक्याचे वर्णन महत्त्वाचे असते, कारण लेबल निघून गेलेली पार्सले हबच्या बेवारस मालाच्या कोपऱ्यात जमा होतात आणि तिथे ती क्रमांकावरून नव्हे, तर रूपावरून ओळखली जातात. "तपकिरी खोके" असे लिहिणे व्यर्थ आहे. तिथे सगळीच खोकी तपकिरी असतात. मी लिहिले होते: 32 बाय 24 बाय 10 सेंटीमीटर, कडांना पांढरी कागदी चिकटपट्टी, आत निळ्या कापडी पाठीच्या चार वह्या, प्रत्येकीला पिवळी फीत; सोबत पॅक करण्यापूर्वी काढलेले छायाचित्र. याशिवाय आता मी प्रत्येक खोक्याच्या आत, मालाच्या वरच्या बाजूला, लेबलाची दुसरी प्रत ठेवते.

शोध किती दिवस चालू द्यावा, हा खरा कळीचा प्रश्न आहे. पार्सल "हरवले" असे कुरिअर स्वतःहून क्वचितच म्हणतो, आणि तसे त्याने म्हणेपर्यंत थांबण्याची गरजही नसते. आंतरराष्ट्रीय वाहतुकीच्या करारांनी याचे उत्तर कधीच देऊन ठेवले आहे. विमानाने जाणाऱ्या मालासाठी 1999 च्या माँट्रियल करारात पोहोचण्याच्या अपेक्षित दिवसानंतर सात दिवस उलटले की माल गहाळ झाल्याप्रमाणे हक्क मागता येतात. रस्त्याने सीमेपलीकडे जाणाऱ्या मालासाठी 1956 च्या सीएमआर करारात ठरलेल्या तारखेनंतर 30 दिवस, आणि तारीख ठरलेली नसल्यास माल ताब्यात घेतल्यापासून 60 दिवस, अशी मर्यादा आहे. देशांतर्गत पार्सलाला कुरिअरच्या स्वतःच्या अटी आणि स्थानिक कायदा लागू होतो. माझा व्यवहारातला नियम असा की शोध-विनंतीला सात दिवस द्यायचे, आणि आठव्या दिवशी उत्तर येवो वा न येवो, दावा लावायचा. दावा लावल्यानंतर पार्सल सापडले तर तो मागे घेता येतो. मुदत उलटल्यावर मात्र नव्याने लावता येत नाही.

ग्राहकाला केव्हा आणि किती द्यावे

शोध-विनंती दिली त्याच दिवशी मी ग्राहक बाईंना कळवले की पार्सल हबवरून पुढे सरकलेले नाही, मी चौकशी लावली आहे, आणि 18 मार्चपर्यंत ते मिळाले नाही तर त्यांच्या इच्छेप्रमाणे पूर्ण पैसे परत करीन किंवा नव्या वह्या पाठवीन. तारीख देणे आवश्यक आहे. "लवकरच" या शब्दावर कोणी शांत राहत नाही, आणि ते योग्यच आहे.

पैसे की नवा माल, हे ग्राहकाने ठरवावे. नवा माल पाठवणे विक्रेत्याला स्वस्त पडते, परंतु वस्तू एखाद्या प्रसंगासाठी मागवली असेल आणि तो प्रसंग होऊन गेला असेल, तर ती पुन्हा पाठवण्यात अर्थ नसतो. पैसे परत करताना ग्राहकाने भरलेला पाठवणी-खर्चही परत करावा लागतो, कारण ती सेवा त्याला मिळालेलीच नाही. रोख रकमेने पार्सल घेताना पैसे द्यायचे असा व्यवहार असेल, तर ग्राहकाचे काही गेलेले नसते. तिथे केवळ नवा माल पाठवायचा की ऑर्डर रद्द करायची एवढेच विचारावे.

पैसे पाठवण्यापूर्वी दोन गोष्टी कराव्यात, आणि त्यांचा क्रम बदलू नये. पहिली गोष्ट म्हणजे ग्राहकाकडून पार्सल न मिळाल्याचे लेखी निवेदन घेणे. कुरिअर दाव्यासोबत ते अनेकदा मागतो, आणि पैसे परत मिळालेला ग्राहक तीन आठवड्यांनी आपल्या संदेशाला उत्तर देईल याची खात्री नसते. चार ओळी पुरतात:

"ऑर्डर क्रमांक अमुक, पार्सल क्रमांक तमुक, हे पार्सल मला, माझ्या घरातील कोणाला किंवा शेजाऱ्यांना आजपर्यंत मिळालेले नाही. याबद्दल विक्रेत्याकडून मला पूर्ण परतावा मिळत असून कुरिअरकडे मी वेगळी मागणी करणार नाही. पार्सल नंतर आल्यास मी ते स्वीकारणार नाही, किंवा विक्रेत्याला कळवीन."

दुसरी गोष्ट म्हणजे पैसे ज्या मार्गाने आले, त्या मार्गाच्या खात्यात ग्राहकाने आधीच बँकेमार्फत वाद उपस्थित केला आहे का, हे पाहणे. कार्डाने भरलेल्या पैशांबाबत ग्राहक आपल्या बँकेकडे "वस्तू मिळाली नाही" अशी तक्रार करू शकतो, आणि बँक ती रक्कम विक्रेत्याच्या खात्यातून परस्पर काढून घेते. असा वाद उघडलेला असताना आपण चांगुलपणाने वेगळा परतावा पाठवला, तर तीच रक्कम दोनदा जाते आणि दुसरी परत मिळवायला महिने लागतात. वाद उघडलेला दिसल्यास वेगळा परतावा न करता त्या वादातच ग्राहकाचे म्हणणे मान्य करावे. वाद नसल्यास ज्या मार्गाने पैसे आले त्याच मार्गाने, मूळ व्यवहारावरच परतावा करावा. दुसऱ्या खात्यात पाठवलेले पैसे बँकेच्या दृष्टीने परतावा ठरत नाहीत.

दावा मंजूर होण्याआधी पैसे परत केल्यास आपली बाजू कमकुवत होते, अशी अनेकांना भीती वाटते. माझा अनुभव उलट आहे. कुरिअरला आपले नुकसान दाखवायचे असते, आणि ग्राहकाला परतावा दिल्याची पावती हा नुकसान प्रत्यक्ष झाल्याचा पुरावा असतो. काही कुरिअर तर तीच पावती मागतात.

दाव्याची रक्कम

चलन कोणतेही असले तरी हिशेब सारखाच आहे, म्हणून वह्यांची विक्री-किंमत 100 धरते. ग्राहक बाईंनी पाठवणीचे वेगळे 12 दिले होते, म्हणजे त्यांना एकूण 112 परत गेले. मी कुरिअरला भाडे म्हणून 9 आणि जादा जोखीम-संरक्षणाचे 2 भरले होते.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. बुकिंगच्या पानावर मालाचे मूल्य लिहिले म्हणजे तेवढ्या रकमेचे संरक्षण मिळाले, असे नाही. ते मूल्य अनेकदा केवळ कागदपत्रांसाठी घेतलेले असते, आणि वेगळे शुल्क भरलेले नसल्यास कुरिअरची जबाबदारी त्याच्या अटींतील ठरावीक रकमेपुरती किंवा वजनापुरती मर्यादित राहते. वजनावरची मर्यादा हलक्या आणि महाग वस्तूला फार जाचक असते. माँट्रियल कराराखाली 28 डिसेंबर 2024 पासून मालासाठी ती किलोमागे 26 विशेष आहरण अधिकार, म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबी एकक, इतकी आहे, 1.4 किलोच्या माझ्या खोक्याला ती 36.4 एकके झाली असती, मग आत वह्या असोत की घड्याळे. पाठवतानाच मूल्य विशेष घोषित करून लागू असलेले जादा शुल्क भरले, तरच ही मर्यादा उठते. पार्सल हरवल्यावर मूल्य वाढवून लिहिता येत नाही, आणि शुल्क वाचवण्यासाठी मूल्य कमी लिहिले असेल तर दावाही तेवढ्याचाच होतो.

मी 19 मार्चला दावा लावला. सोबत कुरिअरची पावती, ट्रॅकिंगच्या पानाचे छायाचित्र, ग्राहकाचे बिल, पैसे आल्याची नोंद, परताव्याची पावती, ग्राहकाचे निवेदन आणि खोक्याचे छायाचित्र जोडले. पान साठवून ठेवणे आवश्यक आहे, कारण जुने ट्रॅकिंग काही काळाने दिसेनासे होते. दाव्याच्या मजकुरात कुरिअरच्या वागणुकीबद्दल एक शब्दही नव्हता. तो इतकाच होता: "3 मार्च रोजी आपल्या ताब्यात दिलेल्या या पार्सलाचा शेवटचा स्वतंत्र स्कॅन 4 मार्च रोजी 04:05 चा आहे. 11 मार्चच्या शोध-विनंतीवर निर्णय मिळालेला नाही. पार्सल गहाळ मानून घोषित मूल्य 100 आणि भाडे 9 अशी एकूण 109 भरपाई मिळावी."

दावा कापला किंवा नाकारला गेल्यास

27 मार्चला 38 मंजूर झाल्याचे कळले. हाताने वस्तू बनवणाऱ्या प्रत्येकाला हा अडथळा कधी ना कधी येतो. कुरिअर मालाच्या किमतीचा पुरावा म्हणून खरेदीचे बिल मागतो. दुकानदाराकडे ते असते, पण बनवणाऱ्याकडे फक्त कागद, कापड आणि दोऱ्याची बिले असतात. मी ती पूरक पुरावा म्हणून जोडली होती, आणि नेमक्या त्यांच्याच बेरजेला वस्तूची किंमत ठरवण्यात आले. चूक माझी होती. कच्च्या मालाची बिले विचारल्याशिवाय देऊ नयेत, आणि द्यावी लागली तर सोबत मजुरीच्या तासांचा हिशेब द्यावा.

उत्तरात मी दोन मुद्दे मांडले. पहिला असा की वस्तू पार्सल देण्याच्या आधीच विकली गेलेली होती, त्यामुळे तिची किंमत हा अंदाज नसून झालेला व्यवहार आहे आणि त्याचे बिल व बँकेची नोंद सोबत आहे. दुसरा असा की त्याच वह्या त्याच किमतीला आधीच्या दोन महिन्यांत इतर ग्राहकांनी घेतल्याची तीन बिले (नावे झाकून) जोडली आहेत. "आपल्या अटींतील कोणत्या कलमानुसार विक्री-किंमत अमान्य केली, ते कळवावे" असेही विचारले. हा प्रश्न विचारल्यावर फाइल बहुधा वरच्या माणसाकडे जाते, कारण खालच्याला कलम सांगता येत नाही. अटींत विक्री-किंमत खरोखरच वगळलेली असेल, तर मात्र भांडण्यात अर्थ नाही. तेव्हा मजुरीसह उत्पादन-खर्च मागावा.

"पॅकिंग अपुरे होते" असे कारण आल्यास ते तुटलेल्या मालाचे कारण आहे, गहाळ पार्सलाचे नव्हे, असे एका वाक्यात कळवावे. रोख भरपाईऐवजी पुढच्या पार्सलांच्या भाड्यात सूट देऊ केली जाते. तीन-चार पार्सलांत ती वळती होणार असेल तरच घ्यावी. "पूर्ण आणि अंतिम" असे शब्द असलेल्या पत्रावर कापलेली रक्कम घेण्यासाठी सही करू नये, कारण त्यानंतर उरलेल्या रकमेबद्दल बोलायला जागा राहत नाही.

15 एप्रिलला 100 जमा झाले. भाड्याचे 9 अटींत वगळलेले असल्याने मिळाले नाहीत, आणि ते मी सोडून दिले. पार्सल नीट पोहोचले असते तर 112 मधून 11 वजा जाऊन माझ्या हाती 101 राहिले असते. आता 89 राहिले. तूट 12 ची, म्हणजे ग्राहक बाईंना परत केलेल्या पाठवणी-खर्चाइतकीच, आणि एवढी तूट मी आता किमतीत धरूनच चालते.

20 एप्रिलला त्याच बाईंचा संदेश आला की खोके त्यांच्या दारात आले आहे, बाहेरचे लेबल अर्धे फाटलेले आहे आणि त्यावर हबचा नवा कागद चिकटवलेला आहे. दाव्याचे पैसे घेतल्यावर सापडलेला माल बहुतेक अटींप्रमाणे कुरिअरचा होतो, म्हणून मी त्याच दिवशी कुरिअरला लेखी कळवले आणि माल परत नेणार की रक्कम परत घेणार, असे विचारले. त्यांनी रक्कम मागितली. मी बाईंना वह्या आता हव्या आहेत का, हे विचारले; त्यांनी हव्यात म्हणून 112 पुन्हा भरले, आणि कुरिअरचे 100 मी त्यांची पावती घेऊन परत केले.